900 डॉलरचे 69,301 रुपये: दर, सेवा शुल्क आणि पावतीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
परकीय चलन खरेदी-विक्री

विषय: विमानतळावरील काउंटरवर कमी मिळालेल्या रकमेबाबत

महोदय/महोदया,

तुमच्या विमानतळावरील काउंटरवर मी 900 अमेरिकी डॉलर दिले, हातात 69,301 रुपये आले. पावतीची प्रत सोबत जोडली आहे. परभणीला येऊन पावतीवरचा एकेक आकडा मांडून पाहिला, तो हिशेब खाली देत आहे.

तुमच्या पाटीवर डॉलरचा विक्री दर 90.40 होता आणि खरेदी दर 77.60. दोन्हींच्या मधोमध 84 रुपये येतात. बाजारातला दरही त्या दिवशी 84 च्याच आसपास होता. म्हणजे गिऱ्हाइकाकडून डॉलर घेताना तुम्ही 6.40 रुपये खाली जाता आणि त्याला डॉलर देताना तेवढेच वर. कोणी तुमच्याकडून डॉलर घेऊन तासाभरात ते तुम्हालाच परत केले, तर शंभर रुपयांतले जवळजवळ चौदा रुपये जातात.

77.60 ने 900 डॉलरचे 69,840 रुपये होतात. त्यातून पावतीवर दोन वजावटी आहेत: ‘एस.सी. 350’ आणि ‘जीएसटी 188.71’. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने दोन्ही ‘सरकारी टॅक्स’ असल्याचे सांगितले. ते खरे नाही. एक लाखापर्यंतच्या चलन व्यवहारात रकमेच्या एक टक्क्यावर, म्हणजे इथे 698.40 रुपयांवर, 18 टक्के जीएसटी लागतो. तो 125.71 रुपये होतो. उरलेले 63 रुपये तुमच्या 350 च्या शुल्कावरचा जीएसटी आहे. म्हणजे एस.सी. हे तुमचे सेवा शुल्क आहे, आणि ते धरून 413 रुपये कापले गेले. काउंटरच्या वर मात्र मोठ्या अक्षरांत ‘शून्य कमिशन’ लिहिले आहे.

मधल्या दराने 900 डॉलरचे 75,600 रुपये होतात. म्हणजे 6,299 रुपये कमी मिळाले. छत्रपती संभाजीनगरमधील एका परवानाधारक चलन विक्रेत्याने त्याच दिवशी 82.70 दर सांगितला होता. त्या दराने जीएसटी वजा जाऊन 74,296 रुपये मिळाले असते. फरक 4,995 रुपयांचा आहे.

विमानतळावर जागेचे भाडे जास्त आणि काउंटर रात्रभर चालवावा लागतो, म्हणून शहरापेक्षा दर कमी असणार, हे मी मान्य करतो. रिझर्व्ह बँक नफ्याचा टक्का ठरवून देत नाही, हेही ठाऊक आहे. पण दर बाजारातील चालू दराशी सुसंगत असावा, असे तिचे निर्देश सांगतात. मधल्या दराच्या साडेसात टक्के खालचा दर सुसंगत कसा, याचे लेखी उत्तर द्यावे. खरेदी-विक्रीच्या दरांचा तक्ता काउंटरजवळ ठळकपणे लावण्याचेही बंधन आहे. तुमच्या समोरच्या स्क्रीनवर फक्त विक्रीचे दर फिरत होते. खरेदीचा दर बाजूच्या छोट्या पाटीवर, काचेच्या आत होता. डॉलर घेऊन येणाऱ्याला नेमका तोच दर लागतो.

‘विमानतळावर टॅक्सीपुरतेच बदला, बाकीचे घरी जाऊन’ असा सल्ला सगळे देतात. 350 रुपयांच्या ठरीव शुल्कामुळे तोही फसतो. 50 डॉलरचे 3,880 रुपये होतात. त्यातून 413 रुपये आणि कमीत कमी लागणारा 45 रुपये जीएसटी गेला की 3,422 उरतात. मधल्या दराने ते 4,200 हवेत, म्हणजे साडेअठरा टक्के गेले. आखातातून किंवा इतर देशांतून रात्री उतरून नांदेड, लातूर, परभणीकडे निघणाऱ्या माणसाला तालुक्याच्या गावी चलन बदलणारा सहज मिळत नाही. त्याला तुमच्याच काउंटरवर यावे लागते, आणि थोडे बदलणाऱ्याचेच नुकसान टक्केवारीत जास्त होते.

माझ्या मागण्या अशा:

‘शून्य कमिशन’ची पाटी असताना कापलेले 413 रुपये माझ्या खात्यात परत करावेत. पावतीवर ‘एस.सी.’ऐवजी ‘सेवा शुल्क’ असे पूर्ण लिहावे आणि त्यावरचा जीएसटी वेगळा दाखवावा. नोटा मोजून घेण्याआधी हातात येणारी निव्वळ रक्कम गिऱ्हाइकाला लिहून दाखवावी, म्हणजे त्याला नको म्हणता येईल. खरेदीचा दर विक्रीच्या दराशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत लावावा. मी मागूनही न मिळालेले चलन रूपांतराचे प्रमाणपत्र टपालाने पाठवावे.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत: पावतीची प्रत, दराच्या पाटीचे व ‘शून्य कमिशन’ फलकाचे छायाचित्र.

आपला ग्राहक,
परभणी