पहिल्यांदा एकटा बोट काढशील तेव्हा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला. दिवाळी झाली की यंदा छोटी बोट तू काढणार, सोबतीला काकांचा धाकटा, असं म्हणाली. मी इथे ससून डॉकला आमच्या ट्रॉलरवर. पुढची फेरी पंधरा दिवसांची आहे, तेव्हा तुझ्या पहिल्या खेपेला मी धक्क्यावर नसणार. फोनवर सांगितलेलं अर्धं विसरशील, म्हणून लिहून पाठवतो.

आधी तुला कधी न सांगितलेली गोष्ट. तुझ्या जन्माआधी मी आणि एक सोबती पहाटे तीनला एकदऱ्याहून निघालो. कासा किल्ला मागे टाकला आणि थोड्याच वेळात इंजिन बंद पडलं. दोरी ओढली, चालू झालं, दहा मिनिटं चाललं, परत बंद. असं चार वेळा. मग ओढून ओढून प्लग ओला झाला आणि दोघांच्या हाताला फोड आले. नांगर टाकला तर दोर आखूड, तो तळाला लागेचना. मतलई वारा पाठीमागून बोटीला बाहेर ढकलत होता. किनाऱ्यावरचे दिवे एकेक करून दिसेनासे झाले.

दोष इंजिनात नव्हता. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आदल्या रात्री मीच घट्ट बंद केला होता, पेट्रोलचा वास येऊ नये म्हणून. आत हवा जायला वाट नसली की इंजिन पेट्रोल खेचतं आणि टाकीत पोकळी होते, मग पेट्रोल येणं थांबतं. थोडं थांबलं की फटीतून जराशी हवा शिरते, इंजिन पुन्हा चालतं, पुन्हा मरतं. असं झालं तर आधी पाईपमधला रबरी फुगा दाबून बघ. चेपून तसाच बसला आणि टाकीच्या बाजू आत ओढलेल्या दिसल्या, तर स्क्रू सोड. फस्स आवाज येईल. आम्ही तो आवाज सकाळी नऊला ऐकला, तोवर प्लग कामातून गेला होता. म्हणून निघताना स्क्रू उघडा आहे का ते बोटांनी फिरवून बघ, नुसतं डोळ्यांनी नाही. एक जादा प्लग आणि त्याचा पाना चिंधीत गुंडाळून बरणीत ठेव.

आता पेट्रोल किती न्यायचं ते. आपलं इंजिन मध्यम वेगाला तासाला साधारण 4 लिटर पितं, हे मी टाकीवर खूण करून मोजलंय. भरलेली बोट तासाला 6 नॉटिकल मैल जाते. तू 8 मैल बाहेर जाणार, म्हणजे जायला एक तास वीस मिनिटं, पेट्रोल साडेपाच लिटर. यायलाही तेवढंच. जाळ्याभोवती फिरण्यात तीनेक लिटर जातं. झाले 14. यात निम्मं अजून घाल, 21 लिटर ने. वरचे 7 लिटर कुणालाच द्यायचे नाहीत, मासळी चांगली लागली म्हणून पुढे जायलाही वापरायचे नाहीत. दुपारी वारा फिरला, लाट समोरून आली, की तेवढ्याच अंतराला दीडपट जळतं. आपल्या टू-स्ट्रोकला लिटरमागे 20 मिली ऑइल लागतं, म्हणजे 21 लिटरला 420. कॅन जमिनीवर ठेवून भर, बोटीत नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. भरण्याआधी थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन पाच मिनिटं ठेव. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी. ते पेट्रोल टाकीत घालू नकोस.

आमच्याकडे मदत मागायला पेटवायच्या दोन हातातल्या फ्लेअर होत्या. जाळ्याखाली पडून एक दमट झालेली, ती पेटलीच नाही. दुसरी मी घाईत वाया घालवली. लांब एका ट्रॉलरचा दिवा दिसला आणि लगेच पेटवली. हातातली फ्लेअर जेमतेम एक मिनिट जळते. ट्रॉलर फार लांब होता, शिवाय त्याची पाठ आमच्याकडे. मिनिट संपलं, पुन्हा काळोख. ती जवळ येणाऱ्या बोटीसाठी राखायची. कुणीच दिसत नसेल तेव्हा पॅराशूटवाली. ती 300 मीटर वर जाते आणि चाळीसेक सेकंद लोंबकळत जळते, लांबच्या माणसालाही दिसते. दिवसा नारिंगी धुराची. पेटवताना हात बोटीबाहेर, वाऱ्याखालच्या बाजूला धर, कारण तिचे जळते थेंब खाली गळतात आणि आपल्या बोटीत पेट्रोल आहे. तोंड दुसरीकडे. कुठलं टोपण काढायचं, काय ओढायचं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, म्हणून वरची चित्रं तुम्ही दोघांनी उजेडात घरी बसून बघा. फ्लेअर घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, टाकीपासून लांब, पण तुझ्या हाताशी ठेव.

त्या दिवशी आम्हाला दहाच्या सुमारास दुसऱ्या एका ट्रॉलरने पाहिलं, वल्ह्याला बांधलेल्या सदऱ्यामुळे. अंगात लाइफ जॅकेट दोघांच्याही नव्हतं, ती नाळेत जाळ्याखाली कोंबलेली.

जॅकेटचं हेच होतं. पोरं त्यावर बसतात, फोम चेपतो, आणि चेपलेला फोम माणसाला नीट तरंगवत नाही. अंगठ्याने दाबून बघ. खड्डा लगेच भरून आला नाही तर ते जॅकेट टाक. मग दोघांनी घालून खाडीत कमरेभर पाण्यात उभं राहा, एकाने दुसऱ्याचं जॅकेट खांद्यांवर धरून वर ओढावं. कानाच्या वर गेलं तर सैल आहे. मांड्यांमधला पट्टा लावायचाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर आणि माणूस खाली. शिट्टी दोरीला बांधलेली आहे ना, तेही बघ. आपल्याकडचे लोक बहुतेक वेळा वादळात नाही, जाळं ओढताना किंवा कडेला लघवीला उभं राहताना पडतात, म्हणून धक्का सोडल्यापासून ते अंगात हवं. इंजिनची लाल दोरी मनगटाला अडकव. तू पडलास तर इंजिन बंद पडेल, बोट तुला सोडून जाणार नाही.

नांगराचा दोर खोलीच्या चार-पाच पट हवा, तो मी नवा आणून माळ्यावर ठेवलाय. मोबाईलवर भरवसा नको, काही मैलांनंतर रेंज जाते. तरी प्लास्टिकच्या पिशवीत ठेव. कोस्ट गार्डचा नंबर 1554. वायरलेसवर चॅनल 16. कुठे जाणार आणि किती वाजता परतणार ते आईला कागदावर लिहून दे, आणि त्या वेळेनंतर तास उलटला तर तिने 1554 लावायचा, शेजाऱ्यांना विचारत बसायचं नाही, असं तिला सांग. बंदरात बावटा लागला असेल तर आभाळ कितीही निरभ्र असो, निघायचं नाही. फयान वादळ आलं तेही 2009 च्या नोव्हेंबरातच.

फ्लेअरवरच्या मुदतीच्या तारखेचा आणि जॅकेट घातलेल्या तुम्हा दोघांचा फोटो आदल्या संध्याकाळी पाठव. मुदत संपली असेल तर खेप दोन दिवस पुढे ढकल. मी इथून नव्या घेऊन एसटीने पाठवतो.

तुझे,
बाबा