आईला हाक कशी मारायची ते शिकवणाऱ्या सिस्टरताईंना

सिस्टरताई, नमस्कार,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. शिवाय विसरायला लागलेली म्हातारी माणसं आपल्या देवगडच्या बाजूला बऱ्याच घरांत आहेत, तिथेही उपयोग होईल.

गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले की आमच्या ओटीवर आईची तोंडी परीक्षा सुरू व्हायची. येईल तो समोर उभा राहून "आते, ओळखलंस काय माका?" आणि आई नुसती हसायची. लोक म्हणायचे, बघा हसली म्हणजे ओळखलं. तुम्ही मात्र तिच्या हातांकडे बघत होता, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होती. मग मला बाजूला घेऊन म्हणालात, तिला उत्तर येत नाहीये आणि येत नाही हे तिला कळतंय, चार लोकांत तिला लाज वाटतेय, हा प्रश्नच बंद करा.

त्याच्या जागी काय करायचं हे तुम्ही स्वतः करून दाखवलंत. आईची खुर्ची माजघरात दाराकडे तोंड करून असायची, दाराबाहेर खळ्यातलं ऊन, म्हणजे दारात उभं राहिलेलं माणूस तिला नुसतं काळं दिसणार. तुम्ही खुर्ची फिरवून घेतलीत, आता उजेड येणाऱ्याच्या तोंडावर पडतो. चष्मा पुसून लावला, टीव्ही बंद केला. मागून किंवा बाजूने जायचं नाही, कारण डोळे ठीक असले तरी विसरण्याच्या या आजारात बाजूचं पटकन ध्यानात येत नाही आणि माणूस दचकतो. समोरून हळू यायचं, चार-पाच फुटांवर थांबायचं, तिने बघितलं की मग स्टुलावर बसायचं, आपले डोळे तिच्या डोळ्यांच्या लेव्हलला. मग आपणच सांगायचं, "आये, मी तुझो धाकटो झील, पेज घेऊन इलंय." एवढंच, आणि गप्प. मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, कारण ऐकलेलं पोचायला तिला वेळ लागतो आणि मध्येच आपण दुसरं वाक्य टाकलं की पहिलंही जातं. हात तळवा वर करून नुसता पुढे ठेवायचा, तिला धरायचा असेल तर ती धरेल. (माझ्या मुंबईच्या बहिणीला हे दहा आकडे सगळ्यात जड जातात, ती तिनाला बोलते.)

आणि नाव सांगूनही ओळख पटली नाही तर? याचं उत्तर तुम्ही दिलंत ते मला कधी सुचलं नसतं. अलीकडच्या आठवणी आधी जातात, जुन्या टिकतात, त्यामुळे तिच्या डोक्यातला धाकटा अजून हाफ पँटीत शाळेत जातोय, आणि समोर टक्कल पडलेला माणूस म्हणतोय मी तो. ती संशयाने बघते त्यात तिचं काय चुकलं? अशा दिवशी मी नात्याचा हट्ट सोडतो, "घरातलोच मी, पेज आणलंय" म्हणतो, तेवढं तिला पुरतं.

परवा तिने मला दादा म्हणून हाक मारली, म्हणजे तिचा मोठा भाऊ, तो जाऊन कित्येक वर्षं झाली. "दादा, तू कधी इलंस?" पूर्वी घरात कोणीतरी लगेच म्हणायचं, अगो दादा गेलो ना, आणि ती नव्याने रडायची, दर वेळी पहिल्यांदा कळल्यासारखी. मी दादा झालो नाही आणि तिला खोटंही पाडलं नाही, विचारलं, "दादाची आठवण येता गे?" तर होडी, सुरमई, बापाचा मार, सगळं निघालं आणि त्या नादात अर्धी वाटी पेज पोटात गेली.

रोज हे जमतंच असं नाही. संध्याकाळी दिवेलागणीला ती जास्त गोंधळते, "कोण रे तू, भायर हो" म्हणते, तेव्हा तुम्ही सांगितल्याप्रमाणे "बरां, जातंय" म्हणून मी सरळ पडवीत जातो आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून येतो, समोरून, नाव सांगून. बहुतेक वेळा तोवर राग गेलेला असतो.

तुमची ताकीदही लक्षात आहे. एक-दोन दिवसांत एकदम जास्त गोंधळली, भलतीच झोपाळू झाली किंवा नसलेलं काही दिसायला लागलं तर आजार वाढला म्हणून बसून राहायचं नाही. लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवीन गोळी, यातलं काहीही असू शकतं, लगेच डॉक्टरला दाखवायचं.

आता चाकरमान्यांना स्टेशनवरून आणतानाच गाडीत सांगून ठेवतो, आत जाऊन आधी आपलं नाव सांगा, प्रश्न विचारू नका, आणि ती समोर असताना तिच्याबद्दल "हिला काही कळत नाही" असं बोलू नका. भाचा म्हणाला, मामा, एवढे नियम? म्हटलं, सिस्टरताईंना फोन लावू काय, तर गप्प झाला.

आगळाची बाटली भावाकडे पाठवलीय, पोचली की कळवा.

तुमचा,
आयेचो धाकटो