मॅनेजरची खुर्ची आणि परतीचा रस्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चांगल्या इंजिनिअरला बढती देऊन मॅनेजर केले की त्याचे काय होते, याविषयी आपल्या पुरवणीत नुकतेच वाचले. तो अनुभव मी गेले वर्षभर घेतला आहे, म्हणून हे पत्र.

बडोद्यातल्या एका कारखान्यात मी पंधरा वर्षे ट्रान्सफॉर्मर डिझाइन करत होतो. गेल्या वर्षी डिझाइन विभागाचा मॅनेजर झालो. हाताखाली पाच जण आले. पहिले तीन महिने रोज वाटायचे, हे आपले काम नव्हे. त्या वाटण्यावर तेव्हाच निर्णय घेतला नाही, हे बरे झाले. डिझाइन केलेला ट्रान्सफॉर्मर काही महिन्यांत टेस्टिंगला येतो आणि बरोबर की चूक ते मीटर सांगतो. माणूस तयार व्हायला वर्ष लागते आणि तिथे मीटर नसतो. म्हणून काम अजून जमत नाही आणि काम आपल्याला मानवतच नाही, या दोन गोष्टी सुरुवातीला सारख्याच दिसतात.

माझी चूक कशी झाली ते सांगतो. एका तरुण डिझायनरच्या 10 एमव्हीए, 66/11 केव्ही ट्रान्सफॉर्मरच्या हिशोबात मला खोट दिसली. त्याला बोलावून दाखवण्याऐवजी मी रात्री बसून स्वतःच सगळा हिशोब नव्याने केला आणि सकाळी ड्रॉइंग पुढे पाठवले. दोन तासांचे काम, मनाला मोठे समाधान. असे चार-पाच वेळा झाले. मग एकदा तो शेजारच्या टेबलावर बोलताना कानावर पडला, "सर जोई लेशे ने." सर बघतीलच!

पुढच्या जॉबमध्ये तांबे वाचावे म्हणून त्याने दोन वाइंडिंगमधले, म्हणजे तांब्याच्या गुंडाळ्यांमधले, अंतर काही मिलिमीटरने कमी केले आणि वाइंडिंगची उंची थोडी वाढवली. दोन्ही बदलांनी इम्पीडन्स, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा करंटला होणारा अडथळा, खाली जातो. हिशोबाच्या शीटमध्ये मात्र जुनेच आकडे राहिले. मी बघेन म्हणून त्याने तपासले नाही, आणि त्या आठवड्यात मी मीटिंगांत अडकल्यामुळे मीही बघितले नाही. कबूल केलेला इम्पीडन्स 8.35 टक्के होता, टेस्टिंगमध्ये आला 7.4. या श्रेणीत सूट कबूल आकड्याच्या दहा टक्के, म्हणजे 7.5 च्या आसपासपर्यंतच. इम्पीडन्स कमी म्हणजे शॉर्टसर्किटच्या वेळी करंट जास्त. कॉइल टाकीत गेल्यावर हे दुरुस्त करायचे म्हणजे पुन्हा वाइंडिंग. शेवटी ग्राहकाकडे लेखी सवलत मागावी लागली. तो मुलगा आठवडाभर माझ्याकडे बघत नव्हता. त्याच्या हातून सुटलेल्या चुकीची सवय मी लावली होती.

त्यानंतर मी एक वही केली. रोज संध्याकाळी दोनच ओळी: आज कुठल्या कामाने थकलो आणि कुठल्या कामाने उभारी आली. रात्री स्वतः डिझाइन करणे बंद केले. चूक दिसली की पेन्सिलने फक्त गोल करायचा आणि "इथे बघ" म्हणायचे, उत्तर सांगायचे नाही. हे अतिशय जड गेले. पण दोन महिन्यांत तो मुलगा आपणहून शीट तपासून आणू लागला. एकदा त्याने टॅपिंगची मांडणी माझ्यापेक्षा वेगळी आणि चांगली केली.

त्या दिवशीच्या वहीत मी काय लिहिले, यावरून मला उत्तर मिळाले. मला त्याचा अभिमान वाटला, पण ओळ अशी होती: "हे मला सुचायला हवे होते." सहा महिन्यांची पाने उलटली. कठीण बोलणी मी पुढे ढकलणे थांबवले होते, कामवाटप जमू लागले होते, विभागाचे वेळापत्रक सुधारले होते. म्हणजे जमत होते. उभारीच्या ओळी मात्र जवळजवळ सगळ्या हिशोबाच्या होत्या, माणसांच्या फार थोड्या. ज्याच्या वहीत याच्या उलट दिसेल, त्याने सुरुवातीच्या त्रासाला न घाबरता त्या खुर्चीत राहावे.

मी परत डिझाइनकडे जायचे ठरवले आणि तिथे खरी अडचण उभी राहिली. आमच्याकडे डिझायनरची वेतनश्रेणी मॅनेजरच्या खालीच संपते. वरचा पगार हवा तर माणसे सांभाळा, दुसरा रस्ता नाही. परत जाणे म्हणजे पदावनती, असेच सगळे धरून चालले. वरिष्ठांशी बरेच बोलल्यावर मुख्य डिझायनर हे नवे पद निघाले, पगार तोच राहिला. येत्या एक तारखेपासून मी तिथे रुजू होतो.

मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांना माझी विनंती आहे, की पहिल्यांदा मॅनेजर होणाऱ्याच्या पत्रातच एक वाक्य घालावे: नऊ महिन्यांनी दोन्ही बाजूंनी विचार होईल आणि जुन्या कामावर परतायचे ठरल्यास पगार व दर्जा कमी होणार नाही. आणि बढती घेणाऱ्यांनी सही करण्याआधी ते वाक्य मागावे. मी मागितले नव्हते. ते मिळवायला मला चार महिने लागले.

आपला,
एक ट्रान्सफॉर्मर डिझायनर
दांडिया बाजार, बडोदा