आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : ‘हाडांचे वय १२’ एवढ्यावर रिपोर्ट संपू नये

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी मुलांच्या वाढीच्या तक्रारी पाहणारा डॉक्टर आहे. माझ्याकडे डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे घेऊन पालक येतात. सोबतच्या रिपोर्टवर एकच ओळ असते : ‘हाडांचे वय १२ वर्षे.’ मुलगा असतो तेरा वर्षांचा. आईवडिलांना वाटतं, हाडं कच्ची राहिली, कॅल्शियम सुरू करायला हवं. त्या ओळीचा हाडांच्या मजबुतीशी काही संबंध नाही, आणि जो अर्थ आहे तो रिपोर्टमध्ये कुठेच लिहिलेला नसतो.

हा एक्स-रे खरं तर कूर्चेसाठी, म्हणजे हाड बनण्याआधीच्या मऊ, लवचिक भागासाठी काढतात. बोटांच्या आणि मनगटाच्या हाडांच्या टोकांशी ग्रोथ प्लेट असते. ती कूर्चेची असल्यामुळे फिल्मवर काळ्या फटीसारखी दिसते. फट आहे तोवर हाड लांब होतं, ती बुजली की त्या हाडाची लांबी थांबते. बुजण्याचा क्रम ठरलेला आहे : आधी बोटांच्या टोकाची हाडं, सर्वांत शेवटी मनगटापाशी रेडियस. म्हणून एकाच फिल्ममध्ये मूल वाढीच्या वाटेवर कुठवर आलं आहे ते कळतं. बहुतेक ठिकाणी ती ग्रॉयलिक आणि पाइल यांच्या ॲटलासमधल्या वयवार एक्स-रे नमुन्यांशी ताडून पाहतात; ज्या वयाच्या नमुन्याशी ती जुळते, ते हाडांचं वय.

आता दोन मुलं घ्या. दोघंही तेरा वर्षांची, दोघांची उंची १४८ सेंटीमीटर. वर्गात शेजारीशेजारी उभी राहिली तर फरक दिसणार नाही. पहिल्याच्या फिल्ममध्ये अंगठ्याच्या बुडाशी येणारं सेसमॉइड नावाचं मटाराएवढं हाड अजून उगवलेलं नाही; हाडांचं वय १२. दुसऱ्याच्या फिल्ममध्ये ते स्पष्ट दिसतं, आणि बोटांच्या मधल्या हाडांवरच्या टोकांच्या कडा खाली वळून दांड्याला बिलगल्या आहेत; हाडांचं वय १४. बेली आणि पिनो यांनी १९५२ मध्ये दिलेल्या कोष्टकानुसार हाडांचं वय १२ असलेल्या मुलाने अंतिम उंचीच्या सुमारे ८३.४ टक्के उंची गाठलेली असते, १४ असलेल्याने ९२.७ टक्के. भागाकार केला तर पहिल्याचा अंदाज १७७ सेंटीमीटर येतो, दुसऱ्याचा १६०. एकाची अजून जवळपास २९ सेंटीमीटर वाढ बाकी, दुसऱ्याची फक्त १२. जन्मतारीख आणि उंचीपट्टी दोघांबद्दल तेच सांगत होती.

यातली मेख अशी की काळजी करावी असा मुलगा बहुधा दुसरा असतो, आणि त्याची उंची आज सरासरीच्या जवळ असल्यामुळे त्याला तपासायला कोणी आणत नाही. पौगंडावस्था लवकर सुरू झाल्याने तो झपाट्याने वाढतो, घरचे खूश होतात आणि फटी मात्र आधीच बुजायला लागलेल्या असतात. त्या पूर्ण बुजल्यावर कुठल्याच औषधाने हाताची वा पायाची हाडं लांब होत नाहीत. पाठीच्या कण्याची किरकोळ वाढ तेवढी राहते. उंची वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि गोळ्या तरीही सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या हाती पडतात, हे वेगळं सांगायला नको.

मात्र अंदाज हा अंदाजच असतो. दोन अनुभवी डॉक्टरांच्या वाचनात सहा महिन्यांचा फरक सहज पडतो, अंतिम उंचीही पाच-सहा सेंटीमीटर इकडेतिकडे होऊ शकते. कोष्टक निरोगी मुलांवरून तयार झालं आहे, त्यामुळे आजारी मुलावर ते डोळे झाकून लावता येत नाही. थायरॉइड कमी असला किंवा ग्रोथ हॉर्मोनची कमतरता असली तरी हाडांचं वय मागे पडतं. अशा मुलाला ‘वाढ बाकी आहे, थांबा’ सांगून घरी पाठवणं धोक्याचं आहे. किती बाकी आहे ते फिल्म सांगते. का बाकी आहे, ते तपासूनच कळतं.

आणि एक विनंती खेळ खात्यालाही कळवावी. निरोगी मुलांतही जन्मवय आणि हाडांचं वय यांत वर्षभराचं अंतर सर्वसामान्य आहे. त्यामुळे या एका फिल्मवरून मुलाने वय चोरलं असा निकाल देऊ नये.

आपल्याकडे मागणं थोडं आहे. सरकारी रुग्णालयांतल्या या रिपोर्टचा नमुना बदला. त्यात त्याच दिवशी मोजलेली उंची, वाचनाची पद्धत आणि अंतिम उंचीचा अंदाज एका आकड्याऐवजी पल्ल्यात लिहायला लावा. हाडांचं वय दोन वर्षांहून जास्त मागे वा पुढे असेल, तर मुलाला तज्ज्ञाकडे पाठवण्याची सूचना तिथेच छापलेली असावी. एका एक्स-रेचा किरणोत्सर्ग काही तासांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाइतकाच असतो, यंत्रंही रुग्णालयांत आहेत. नवी खरेदी लागणार नाही, फक्त छापील फॉर्ममध्ये चार ओळी वाढतील.

आपला,
मुलांच्या वाढीच्या तक्रारी पाहणारा एक डॉक्टर