वर जाणाऱ्या बाणाआड गेलेली सहा मुले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्र संपले की मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक तक्ता जातो. इयत्ता, तुकडी, पट, सरासरी गुण, सरासरी हजेरी. शेजारी मागच्या सत्राचे आकडे, आणि वाढ असेल तर वर जाणारा हिरवा बाण. संस्थेच्या बैठकीत हाच तक्ता वाचून दाखवतात. मी एका माध्यमिक शाळेचा परीक्षा विभाग सांभाळतो, असे तक्ते करतो. त्या हिरव्या बाणाबद्दलच लिहायचे आहे.

समजा, नववी ब चा पट 40. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत, पण ऊसतोडीला माणसे जाणाऱ्या कुठल्याही गावातल्या शिक्षकाला ते ओळखीचे वाटतील. प्रथम सत्राला चाळीसही मुले परीक्षेला बसली, सरासरी आली 58. दिवाळीनंतर सहा मुले आईबापांबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात गेली. द्वितीय सत्राला 34 बसली, सरासरी 61. तक्त्यात बाण वर. वर्गशिक्षकांचे अभिनंदनही होते.

आता त्या सहा जणांचे प्रथम सत्राचे गुण काढून बघा. सरासरी 30 असेल तर त्यांची बेरीज 180. वर्गाची बेरीज 58 गुणिले 40, म्हणजे 2320. त्यातून 180 वजा केले की उरतात 2140, आणि 34 ने भागल्यावर येतात जवळपास 63. म्हणजे जी मुले दोन्ही परीक्षांना बसली, ती 63 वरून 61 वर घसरली. वर्ग सुधारलेला नाही. कच्ची मुले परीक्षेला नव्हती, एवढेच. दोन सत्रांची तुलना करायची तर दोन्हीकडे तीच मुले हवीत. तरीही दोन प्रश्नपत्रिकांची काठिण्यपातळी सारखी नसते. म्हणून दोन गुणांच्या घसरणीवरून शिक्षकाला धारेवर धरू नये. तोच पेपर सोडवणाऱ्या अ तुकडीचे काय झाले ते आधी पाहावे.

यात संगणकाची भर पडते. एक वर्गशिक्षक गैरहजर मुलापुढे ‘गैह’ लिहितात, दुसरे शून्य टाकतात. एक्सेलमधले सरासरीचे सूत्र अक्षरे आणि रिकामे घर सोडून देते, शून्य मात्र मोजते. वरच्याच वर्गात सहा शून्ये पडली तर 61 ची सरासरी 52 होते. मुले तीच, गुण तेच! उपाय एका ओळीचा आहे. शून्याऐवजी सगळ्यांनी ‘गैह’ लिहायचे आणि सरासरीशेजारी किती जण बसले तो आकडा द्यायचा:

```
=AVERAGE(D2:D41)
=COUNT(D2:D41)
```

पट 40 आणि दुसऱ्या सूत्राचे उत्तर 34 आले, की मुख्याध्यापकांनी विचारावे, सहा जण कुठे आहेत?

हजेरीची तऱ्हा याहून फसवी. या सहा जणांची द्वितीय सत्रातली हजेरी 20 टक्के आणि बाकीच्या 34 जणांची 95 टक्के धरली, तर वर्गाची सरासरी येते 84. शेजारच्या अ तुकडीचीही 84 असू शकते, पण तिथे बरीच मुले शनिवारी आणि आठवडी बाजाराच्या दिवशी दांडी मारतात. दोन्ही वर्गांची दुखणी निराळी, तक्त्यात मात्र आकडा एकच. अ साठी वार पाहून वेळापत्रक हलवता येईल, ब साठी घरी जावे लागेल. म्हणून सरासरीबरोबर 75 टक्क्यांखालच्या मुलांची संख्या द्यावी. दहावीच्या परीक्षेला मंडळ तेवढीच हजेरी मागते, तेव्हा ही रेघ नववीपासूनच डोळ्यांसमोर असलेली बरी. शिवाय हजेरी महिन्यागणिक मांडावी. ऑक्टोबर 94, नोव्हेंबर 86, डिसेंबर 80 अशी उतरण दिसली तर कारण शोधायला एप्रिलची वाट पाहावी लागत नाही. एरवी सत्राचा गोषवारा हाती येईपर्यंत ऊसतोडीचा हंगाम संपून पट्टा पडायची वेळ झालेली असते.

एक अडचण उरते. सकाळी पहिल्या तासाला घेतलेली हजेरी मधल्या सुट्टीनंतर खरी राहतेच असे नाही. हजेरीपट चोख आणि पाचव्या तासाला बाक रिकामे, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक असते, तक्त्याला नसते. महिन्यातून दोनदा, आधी न सांगता, शेवटच्या तासाला मुख्याध्यापकांनी स्वतः डोकी मोजावीत आणि तो आकडा त्याच ओळीत लिहावा. फरक दोन-तीनचा असेल तर सोडून द्यावा. दहाचा असेल तर आधी हजेरीपट दुरुस्त करायला हवा, गोषवारा नंतर.

75 टक्क्यांखालच्या मुलांची नावे मात्र मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांच्यापुरतीच असावीत. ती यादी सूचनाफलकावर लागली, तर कारखान्यावरून परतलेले पोर शाळेची पायरी चढणार नाही.

आपला,
एक माध्यमिक शिक्षक, बीड जिल्हा