घराचं खातं एक, पगाराची दोन

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "संसार एक, तर खातंही एकच हवं." आईला वाटतं, माझा पगार माझ्या नावावरच राहावा. मला दोघांचंही पटतं, म्हणून आम्ही काय ठरवलं ते नीट लिहिते.

आमची खाती तीन असतील. पगाराची दोन जशी आहेत तशीच एकेकाच्या नावावर राहतील आणि घरखर्चासाठी दोघांचं तिसरं काढू. समीरला हातात 60,000 येतात, मला 40,000. रामबागेतल्या या घराचं भाडं 15,000, किराणा-दूध-भाजी 12,000, वीज, गॅस, नेट 4,000, कामाच्या बाई 3,000, पेट्रोल 5,000 आणि औषधं, सणवार, पाहुणे यांसाठी 6,000. एकूण 45,000.

समीर आधी म्हणाला, निम्मं निम्मं घालू. पण 22,500 दिल्यावर माझ्याकडे 17,500 उरतात आणि त्याच्याकडे 37,500. म्हणजे दर महिन्याला त्याची बचत माझ्या दुपटीहून जास्त. म्हणून मिळकतीच्या प्रमाणात वाटणी केली: त्याचे 27,000, माझे 18,000. आता त्याच्याकडे 33,000 उरतात, माझ्याकडे 22,000. कुणाचा पगार वाढला किंवा थांबला, तर आकडे बदलतील, प्रमाणाची रीत तीच राहील.

समीरचा पगार 1 तारखेला होतो, माझा 7 ला, आणि भाडं 5 ला जातं. नुसता त्या महिन्याचा वाटा घालत राहिलो, तर माझे पैसे येण्याआधीच खातं तळाला लागेल आणि आपोआप कापलं जाणारं एखादं बिल परत जाईल. त्यावर बँक दंड लावते. म्हणून आहेराच्या पैशांतून एका महिन्याचा खर्च, 45,000, या खात्यात आधीच टाकून ठेवणार आहोत. दोघांच्या बँकांना पगाराच्या दुसऱ्या दिवशी वाटा वळता करायची कायमची सूचना देऊ. 8 तारखेला माझा वाटा गेला की महिनाअखेर शिल्लक पुन्हा 45,000 च्या आसपास दिसायला हवी. सलग दोन महिने त्याखाली राहिली, तर आमचा खर्चाचा अंदाज चुकला असं समजायचं.

आता बाबा, तुमच्या काळजीचा मुद्दा. संयुक्त खात्याच्या फॉर्मवर 'खातं कसं चालवायचं' असा एक रकाना असतो. लोक तो घाईत भरतात, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं. 'जॉइंटली' लिहिलं की प्रत्येक व्यवहाराला दोघांच्या सह्या लागतात. दुधाच्या बिलासाठी ते कसं जमणार! 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे पहिलं नाव असलेलाच चालवणार, दुसऱ्याला त्याच्या पश्चात अधिकार. मग मी नावापुरतीच. आम्ही 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' घेणार: दोघांपैकी कुणीही चालवावं, आणि एकाच्या मागे दुसऱ्याने. एकजण गेला तर मृत्यूचा दाखला देऊन दुसऱ्याला ते पुढे चालवता येतं.

याला धोकाही आहे. कुणीही एकजण सगळी रक्कम काढू शकतो, बँक दुसऱ्याला विचारत नाही. म्हणूनच घरखर्च आणि ती एक महिन्याची शिल्लक, याहून जास्त पैसे त्यात ठेवायचे नाहीत. माझा पीपीएफ माझ्या खात्यातून जाईल. पीपीएफ तसाही दोघांच्या नावावर काढता येत नाही. तुम्हांला मी पाठवते ते आणि समीर त्याच्या आईला देतो ते, ज्याचं त्याच्या खात्यातून. आई, त्याबद्दल मला घरात कुणाला विचारावं लागू नये, हे तुझं म्हणणं मी मनापासून मानलं आहे.

एकेकट्या खात्यांवर एकमेकांचं नॉमिनेशन करू. नॉमिनीला बँक पैसे देते, पण तो वारसांच्या वतीने ते सांभाळणारा असतो, आपोआप मालक होत नाही. संयुक्त खात्याचा नॉमिनी तर दोघंही गेल्यावरच पुढे येतो. म्हणून तिथे दोघांनी मिळून नाव द्यायचं.

आणि आता तुमच्याविषयी. बाबा, लष्करच्या बँकेतलं तुमचं बचत खातं एकट्याच्या नावावर आहे ना? वीज, औषधं, आईच्या हातखर्चाचे पैसे, सगळं तिथूनच जातं. उद्या तुम्ही आठ दिवस दवाखान्यात असलात, तर आई त्यातून एक रुपयाही काढू शकणार नाही, मग नॉमिनी म्हणून तिचं नाव असो वा नसो. पासबुक काढून पहिलं पान बघा. तिथे आईचं नाव नसेल तर मला कळवा. दिवाळीत ग्वाल्हेरला येऊ तेव्हा तिघं मिळून शाखेत जाऊ. आईचं आधार, पॅन आणि दोन फोटो तेवढे काढून ठेवा. तुम्ही दोघंही सोबत असलात, की सह्या तिथेच होतील.

तुमची,
मधुरा
इंदूर