बाबा, बुधवारी पोस्टात जायचंय

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर हा विषय काढला की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता, म्हणून लिहितेय. बुधवारी मी अर्धा दिवस सुट्टी टाकलीय. पोस्टात जाऊन तुमच्या सीनियर सिटिझन खात्यावरचं नॉमिनी म्हणून असलेलं दादाचं नाव काढायचं आणि आईचं घालायचं. दादाशी मी बोलले आहे, त्याची काही हरकत नाही. तेव्हा 'त्याला काय वाटेल' हे कारण आता नको.

आई, अँजिओप्लास्टीला दोन महिने होत नाहीत तोवर ही असलं काय बोलते, असं तुला वाटेल. बाबांची तब्येत छान आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय. म्हणूनच आत्ता करायचं. हॉस्पिटलातून फॉर्म भरायची वेळ कशाला आणायची?

बाबा, तुमचं म्हणणं असतं की दादा नॉमिनी आहे, पैसे त्याला मिळतील आणि तो आईला देईल. देईलच. दादावर माझा तुमच्याइतकाच विश्वास आहे. पण नॉमिनी म्हणजे पोस्टाने ज्याच्या हातात पैसे ठेवले तो माणूस. मालक वारसच. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत हे 1984 मध्येच सांगितलं, आणि 2000 मध्ये राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रांच्या बाबतीतही. नॉमिनीला पैसे दिले की पोस्ट मोकळं होतं, नॉमिनी मात्र वारसांना जबाबदार राहतो.

आता तुमचे 12 लाख घ्या. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने तुमचे पहिल्या वर्गातले वारस चार: आई, दादा, मी आणि गावची आजी. हो, मुलाची वारस त्याची आईसुद्धा असते. प्रत्येकी 3 लाख. म्हणजे दादाच्या हातात 12 लाख आले तरी त्यातले 9 त्याचे नाहीत आणि आईचे फक्त 3. पुढे आजीनेही मृत्युपत्र केलं नाही, तर तिचे 3 लाख काका, आत्या आणि तुमच्या जागी आम्ही दोघं, असे लाख-लाख वाटले जातील. त्यातलं आईला काहीच नाही. काका-आत्या मागणार नाहीत, मला माहीत आहे. पण नको म्हणायचं तरी सगळ्यांच्या सह्या आल्या, आणि त्या घेत आईने चिपळूणच्या खेपा घालाव्यात हे मला बघवणार नाही.

दुसरी गोष्ट व्याजाची. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 24,600 येतात. त्यातच आईच्या गुडघ्याची औषधं आणि पोळ्यांच्या मावशींचा पगार भागतो. बायको एकटीच नॉमिनी असेल तर ती तेच खाते मुदतीपर्यंत पुढे चालवू शकते. आई साठीच्या पुढची आहे, तिचं स्वतःचं असं खातं नाही, त्यामुळे अडचण नाही. दादा नॉमिनी राहिला तर खाते बंदच करावं लागेल, आणि तुमच्यामागे त्यावर साध्या बचत खात्याचा दर मिळेल. म्हणून दुसरं नाव म्हणूनही दादाचं नको, माझं तर नकोच. फक्त आई.

पण नुसतं नाव बदलून ती मालकीण होत नाही. हिशेब तोच चार वाट्यांचा. त्यासाठी मृत्युपत्र हवं. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमोर तुम्ही सही करायची आणि तुमच्यासमोर त्यांनी. साक्षीला शेजारचे काका आणि तुमचे डॉक्टर घेऊ. आम्हा दोघांपैकी कोणी नको, उगाच शंकेला जागा. तुमचं डोकं ठणठणीत आहे असा दाखला डॉक्टर देतील, तो सोबत जोडू. खाते आईला, एवढं मी लिहून ठेवलंय. आजीच्या नावे काही ठेवायचं असेल तर तुम्ही सांगाल तो आकडा घालू. तिला दरमहा जातात ते पैसे आम्ही कधीच थांबवणार नाही, निश्चिंत राहा.

लहानपणी तुम्ही मला पोस्टात न्यायचात, खिडकी उंच म्हणून कडेवर घ्यायचात आणि मी डिंकाच्या बाटलीत बोट घालायचे. तुम्ही कधी ओरडला नाहीत. आताही ओरडू नका.

पासबुक साडीच्या पिशवीत रबर लावून ठेवलेलं आहे ना, तीच पिशवी आणा. तुमचं आणि आईचं आधार, पॅन, दोन-दोन फोटो घ्या. आईचं नाव आधारवर आहे तसंच लिहायचं, घरचं नाव नाही. नाव चढल्याची नोंद करून घेतल्याशिवाय आपण खिडकीवरून हलणार नाही. चष्मा विसरू नका. सकाळची गोळी घेऊन, काहीतरी खाऊनच निघा, टॅक्सीने या. जिना हळू उतरा.

तुमची,
चिमी

ता. क. आई, डबा करू नकोस, मी आणते.